गेटवर नको, काउंटरवर सांगा

प्रति,
मुंबईहून परदेशी जाणाऱ्या विमानांचे चेक-इन काउंटर आणि बोर्डिंग गेट सांभाळणारे सर्व कर्मचारी व त्यांचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीचा. चाळीस वर्षं छापखान्यात बाइंडिंगचं काम केलं. शिलाई, खळ, पुठ्ठा, अस्तर यांत आयुष्य गेलं, आता घरी असतो. गेल्या पावसाळ्यात पासपोर्टच्या एका फाटक्या पानामुळे मला विमानाच्या दारातून परत यावं लागलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नाही. मला जे सांगायचं आहे ते तुम्हा सगळ्यांच्या रोजच्या कामाबद्दल आहे, आणि ते फार मोठं नाही. पण ते कळायला आधी त्या रात्री काय झालं ते सांगावं लागेल.

आमची लेक सिंगापूरला नोकरी करते. तिचं पहिलं बाळंतपण तिथेच करायचं ठरलं. आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी जाणार होतो. सौ.ने महिनाभर तयारी केली होती. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, बाळाच्या टोपड्या. दोन मोठ्या बॅगा भरल्या. आम्हा दोघांचेही पासपोर्ट २०१८ सालचे, मुदत २०२८ पर्यंत, आणि दोन्ही कोरे. आम्ही कधी देशाबाहेर गेलोच नव्हतो.

सिंगापूरचा व्हिसा पासपोर्टवर चिकटत नाही. अधिकृत एजंटामार्फत अर्ज करायचा आणि मंजुरी आली की कागदावर छापून सोबत ठेवायचा. आमच्या एजंटाच्या पोरानं तो छापील कागद माझ्या पासपोर्टच्या अकराव्या पानाला स्टेपलरनं टोचून दिला. पिन शिलाईला अगदी लागून मारलेली. घरी आल्यावर मी ती नखानं अलगद उपसली. पानावर दोन बारीक भोकं राहिली. बाइंडर असूनही मी तिथे चुकलो. शिलाईजवळचं भोक म्हणजे फाटण्याची सुरुवात असते, हे मी शेकडो वेळा शिकाऊ पोरांना सांगितलेलं आहे. पुस्तक सपाट उघडलं की सगळा ताण घडीच्या रेषेवर येतो, आणि त्या रेषेवर भोक असलं की चीर तिथून पळते. पण दोन भोकांनी विमान चुकेल हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

विमान रात्री अकरा चाळीसचं. आम्ही पावणेआठलाच विमानतळावर हजर होतो. काउंटरवर नंबर आला तेव्हा आठ चाळीस झाले होते. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट उघडून यंत्रावर पालथा दाबला, व्हिसाचा कागद पाहिला, परतीचं तिकीट पाहिलं आणि बॅगा वजनाला ठेवायला सांगितलं. दोन्ही बॅगांच्या चिठ्ठ्या माझ्या नावानं निघाल्या. आम्ही एकाच तिकिटावर होतो, त्यामुळे ते साहजिकच होतं. पुढे इमिग्रेशनला साहेबांनी पासपोर्ट पुन्हा यंत्रावर ठेवला, कुठे जाताय, कोणाकडे जाताय विचारलं आणि एका कोऱ्या पानावर शिक्का मारला. कागदोपत्री आम्ही देशाबाहेर पडलो. सौ. तो शिक्का बराच वेळ बघत बसली होती.

पावणेअकराला गेट उघडलं. तिथली मुलगी मराठीच होती. तिनं सौ.चा पासपोर्ट पाहिला आणि पुढे जायला सांगितलं. माझा हातात घेऊन अंगठ्यानं पानं सोडली आणि मध्येच थांबली.

“काका, हे पान फाटलंय.”

मी पाहिलं. अकराव्या पानाची दोन भोकं आता एक झाली होती. तिथून सुरू झालेली चीर शिलाईच्या कडेनं दोन सेंटिमीटर खाली गेली होती. कुठे फाटलं ते मी सांगू शकत नाही. काउंटरवर दाबताना असेल, इमिग्रेशनला असेल, माझ्या स्वतःच्या खिशातही असेल. मी कोणावर आळ घेत नाही.

तिनं वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी पानाचा मोबाइलवर फोटो काढला, सिंगापूरच्या त्यांच्या माणसांना पाठवला आणि आम्हाला बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं. पंधरा मिनिटांनी उत्तर आलं. घेता येणार नाही.

मी म्हणालो, “साहेब, नाव, फोटो, नंबर सगळं नीट आहे. हे पान तर कोरं आहे.”

ते म्हणाले, “काका, मला दिसतंय. पण तिकडून तुम्हाला परत पाठवलं तर आम्हालाच आणावं लागेल. माझ्या हातात नाही.”

गेट बंद व्हायला दहा मिनिटं होती. सौ.नं मला विचारलं नाही, स्वतःच ठरवलं. “तुम्ही मागून या. मी पोरीला आधी गाठते.” आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी, इंग्रजीत स्वतःचं नाव आणि पत्ता एवढंच सांगू शकणारी बाई खांद्यावरची पिशवी सावरत एकटी आत गेली.

मग बॅगांचा विषय निघाला. जो प्रवासी विमानात नाही त्याचं सामान विमानात जाऊ द्यायचं नाही, हा सुरक्षेचा नियम. तो योग्यच आहे. पण दोन्ही बॅगा माझ्या नावावर होत्या. म्हणून दोन्ही उतरवल्या. बाळंतपणाला निघालेल्या आईच्या हातात तिची औषधं, एक शाल आणि पाण्याची रिकामी बाटली एवढंच राहिलं. लाडू, दुपटी, सगळं माझ्याबरोबर मागे आलं. मला उलट्या वाटेनं नेलं, इमिग्रेशनला शिक्का रद्द केला, पट्ट्यावरून बॅगा घेतल्या. रात्री दीड वाजता मी त्या दोन बॅगांसह पावसात बाहेर उभा होतो.

आता माझं म्हणणं.

गेटवरच्या त्या मुलीनं चूक केली असं मी म्हणणार नाही. मी पुस्तकं शिवणारा माणूस आहे, म्हणून तिला काय दिसलं ते मला कळतं. पासपोर्ट म्हणजे एकच जुज असतं. कागद मध्ये दुमडून घडीवर शिलाई मारलेली असते. त्यामुळे शिलाईच्या एका बाजूचं पान दुसऱ्या बाजूच्या पानाला जोडलेलं असतं, दोन्ही मिळून एकच कागद. एक पान शिलाईपाशी काढून टाकलं तर त्याचं जोडीदार पान सुटं पडतं, धाग्यात नुसतं लोंबकळत राहतं. ज्याला आधीचा नाकारलेला व्हिसा किंवा कुठल्या देशाचा शिक्का लपवायचा असतो तो नेमकं हेच करतो. घरच्यांपासून परदेशवारी लपवण्यासाठी पानं फाडणारे प्रवासी मुंबई विमानतळावर पकडले गेल्याच्या आणि त्यांच्यावर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. पासपोर्टातल्या नोंदींत फेरफार करणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिलाईजवळ सुरू झालेली चीर पाहिली की तपासणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार: इथून काही काढायचा प्रयत्न झालाय का? माझ्या पानाचा कोपरा दुमडलेला असता किंवा बाहेरची कड थोडी विरलेली असती तर कदाचित कोणी थांबवलं नसतं. जागा वाईट होती.

पैशाचा भाग आहे तोही मला मान्य आहे. नागरी विमान वाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो करारापासून चालत आलेली रीत अशी, की प्रवाशाची कागदपत्रं तपासायची जबाबदारी नेणाऱ्या कंपनीची, आणि पलीकडे प्रवेश नाकारला तर त्याला परत आणण्याचं कामही तिचंच. तुमच्या भाषेत अशा प्रवाशाला ‘इनॅड’ म्हणतात, हे मला त्याच रात्री कळलं. बरेच देश वर दंडही लावतात. आपल्याकडे २००० सालच्या कायद्यानं योग्य कागदपत्रं नसलेला एकेक प्रवासी भारतात आणण्याबद्दल कंपनीला १ लाख रुपये दंड होता. २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवा आला, पण जबाबदारी कंपनीवरच राहिली. म्हणून गेटवरचा माणूस शंका आली की नाही म्हणतो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

माझा प्रश्न एवढाच आहे की हे आठ चाळीसला का झालं नाही?

त्याचं कारण मी नंतर शोधून काढलं, आणि तेच तुमच्यापुढे ठेवायचं आहे. काउंटरवरचं यंत्र पासपोर्ट वाचतं म्हणजे पहिल्या माहितीच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी वाचतं. प्रत्येक ओळीत ४४ खुणा असतात, अक्षरं, आकडे आणि मोकळ्या जागी बाणासारखी चिन्हं. त्यांत नाव, पासपोर्टचा नंबर, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, मुदत आणि अधूनमधून पडताळणीचे आकडे. नंबरातली एखादी खूण चुकली की पडताळणीचा आकडा जुळत नाही आणि यंत्र अडतं. खिळे जुळवणाऱ्यांच्या काळात प्रुफं पाहिलेल्या माणसाला ही युक्ती फार आवडली. पण त्या दोन ओळी शाबूत असल्या की यंत्राचं समाधान होतं. अकराव्या पानाचं त्याला काही कळत नाही. पान फाटलं, भिजलं, उपटलं, यंत्र हिरवा दिवाच दाखवणार. ते फक्त बोटांना कळतं. आणि बोटांनी पानं सोडणारी पहिली व्यक्ती मला गेटवर भेटली.

म्हणजे सगळ्यात बारकाईची तपासणी सगळ्यात शेवटी होते. तेव्हा शिक्का मारून झालेला असतो, सामान विमानाच्या पोटात गेलेलं असतं आणि विचार करायला दहा मिनिटं उरलेली असतात. हीच चीर, किंवा तेव्हा नुसती भोकं असतील तर ती भोकं, काउंटरवर दिसली असती तर मी तरीही गेलो नसतो, हे मी धरून चालतो. पण तीन तास हातात होते. तेवढ्यात सिंगापूरला शांतपणे विचारता आलं असतं. लेकीला फोन करून आईला घ्यायला कुठल्या दाराशी कोण येईल ते ठरवता आलं असतं. आणि एक चिठ्ठी बदलली असती: बाळंतपणाची बॅग सौ.च्या नावावर गेली असती. तिनं विमानात रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. पण उतरल्यावर लेकीला काय म्हणाली, तर “मी रिकाम्या हातानं आले गं.” हे लेकीनं मला फोनवर सांगितलं. ते माझ्या मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. मला परत पाठवताना हातात काही लेखी मिळालं नाही. तोंडी एक शब्द: डॅमेज्ड. कोणतं पान, कुठे, किती, सिंगापूरहून नेमकं काय उत्तर आलं, काही नाही. पुढे मला याची फार गरज पडली. खराब झालेल्या पासपोर्टाच्या जागी नवा घेताना तो कसा, कुठे खराब झाला याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. माझ्याकडे माझ्या शब्दाशिवाय काही नव्हतं. चार ओळींची चिठ्ठी, पान अकरा, शिलाईलगत दोन सेंटिमीटर, तारीख आणि वेळ, एवढी असती तरी मला आधार झाला असता. ती द्यायला दोन मिनिटं लागतात.

पुढचं थोडक्यात सांगतो. सांगलीला परतल्यावर माझा एक जुना शागीर्द भेटायला आला. पान पाहून म्हणाला, “अण्णा, जपानी टिश्यूची पट्टी नि पातळ खळ. तुमच्या हाताचं काम कोणाला दिसणारसुद्धा नाही.” खरं आहे, डोळ्यांना दिसलं नसतं. मी असलं काम जुन्या पोथ्यांवर केलेलं आहे. पण पासपोर्टाचा कागद साधा नसतो. बाजारातला पांढरा कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घालतात, त्यामुळे अतिनील दिव्याखाली तो निळसर झळकतो. पासपोर्टाच्या कागदात ते रसायन घालत नाहीत, म्हणून दिव्याखाली तो मंद राहतो आणि त्यात मुद्दाम घातलेले तंतू आणि छपाई तेवढी उजळते. त्यावर चिकटपट्टी, गोंद, दुसऱ्या कागदाची पट्टी काहीही लावलं की दिव्याखाली डाग उठण्याची भीती. मग ते फाटलेलं पान राहत नाही, ते दुरुस्त केलेलं पान होतं, आणि दुरुस्तीची शंका फाटण्यापेक्षा वाईट. हे वाचणाऱ्या प्रवाशांनाही कळकळीनं सांगतो: पासपोर्टाला सेलोटेप लावू नका, पान चिकटवू नका, आणि कोणालाही त्याला पिन मारू देऊ नका.

मी रीतसर अर्ज केला. नाव, नंबर आणि फोटो स्पष्ट असल्यानं तो अंशतः खराब पासपोर्ट धरला गेला आणि तत्काळमधून अर्ज करता आला. ३६ पानी पुस्तिकेचे ३००० रुपये आणि तत्काळचे वरचे २०००. प्रतिज्ञापत्र केलं, पुण्याला पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन आलो. नवा पासपोर्ट आला तो नव्या नंबराचा, आणि व्हिसा जुन्या नंबराला बांधलेला, म्हणून व्हिसाही पुन्हा काढावा लागला. सगळं मिळून सोळा दिवस गेले. नात नवव्या दिवशी झाली. मी तिला प्रथम फोनच्या पडद्यावर पाहिलं. सौ.नं तिला तिथल्या दुकानातून आणलेल्या टॉवेलात गुंडाळलं होतं. आमची दुपटी सांगलीत कपाटापाशी बॅगेत होती.

त्या मुलीबद्दल एक सांगायचं राहिलं. मला परत नेताना ती पुढे चालत होती, आणि इमिग्रेशनपाशी वळून म्हणाली, “काका, मला वाईट वाटतंय. काउंटरला आम्हाला सांगतात रांग थांबू देऊ नका. पानं बघायला वेळ देत नाहीत.” हे तिनं मला विश्वासानं सांगितलं, तरी मी ते इथे लिहितो आहे. कारण दोष तिचा नाही, काउंटरवरच्या मुलीचाही नाही. हे वाक्य अधिकाऱ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे.

म्हणून माझी मागणी अशी. परदेशी प्रवाशाचा पासपोर्ट यंत्रावर ठेवण्याआधी काउंटरवर एकदा हातानं पाहावा. खराबी आढळली तर बॅगांच्या चिठ्ठ्या फाडण्याआधीच पलीकडे विचारून घ्यावं. आणि एकाच तिकिटावर दोघं असतील तर बॅगा ज्याच्या त्याच्या नावावर लावायच्या का, हे निदान विचारावं. आम्हाला हे कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. एवढं होऊनही गेटवर कोणाला थांबवावं लागलं, तर त्याच्या हातात पान आणि मोजमाप लिहिलेली चिठ्ठी द्यावी.

हाताची तपासणी म्हणजे फार वेळ लागेल असं वाटत असेल तर मी करून दाखवतो. पुस्तिका पाठीनं धरायची, तोंड खाली करून एकदा हलकेच हलवायची. एखादं पान सुटं असेल तर ते बाकीच्यांपेक्षा खाली सरकतं, लगेच दिसतं. मग मधोमध उघडायची, धागा दिसतो तिथे, आणि घडीच्या रेषेवरून अंगठ्याचं नख वरून खाली फिरवायचं. मधल्या पानांना चीर किंवा भोक असेल तर नख अडखळतं. शेवटी पानं उलट्या बाजूनं एकदा सोडायची आणि छापलेल्या पानक्रमांकांवर आणि शिलाईलगतच्या कडेवर नजर ठेवायची, एखादा क्रमांक गाळला किंवा कुठे चीर असली तर नजर थांबते. माझ्या हाताला वीस सेकंद लागतात. नवीन माणसाला पहिल्या दिवशी एक मिनिट लागेल, आठवड्यानं निम्मं.

माझा जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्द करून मला परत मिळाला आहे. अकरावं पान तसंच आहे. तुमच्यापैकी कोणत्याही कंपनीनं काउंटरच्या मुलामुलींसाठी दोन तास काढले, तर मी तो घेऊन सांगलीहून स्वखर्चानं यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त बाइंडर, सांगली